मॅडमच्या हिशेबात ११८ तास, त्याच्या हिशेबात २३७ : अकाउंट्समधल्या एका भांडणाची पूर्ण केस

चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीतल्या अकाउंट्स डिपार्टमेंटची ही केस आहे. मी तिथे एच.आर.च्या बाजूने मध्यस्थ म्हणून बसले होते. दोघांची ओळख पटू नये म्हणून नावं देत नाही आणि आकडे थोडे गोल केलेत, पण भांडण आणि ते मिटवायची पद्धत जशी झाली तशीच लिहितेय. कामाच्या लोडवरची भांडणं मी बरीच बघितलीत आणि बहुतेक ठिकाणी गाडी स्वभावावर जाते, "त्याची ॲटिट्यूड बरोबर नाही" किंवा "मॅडम ऐकूनच घेत नाहीत", आणि काम नक्की किती आहे हे शेवटपर्यंत कुणी मोजतच नाही. इथे मोजलं, म्हणून ही केस सविस्तर सांगण्यासारखी वाटली.

तो व्हेंडर पेमेंटच्या बाजूला सीनियर एक्झिक्युटिव्ह, सहा वर्षांचा अनुभव, काम चोख. मॅडम म्हणजे त्याची मॅनेजर, त्याच डिपार्टमेंटमध्ये खालपासून वर आलेल्या. दिवाळीच्या आधी त्याच्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने राजीनामा दिला. त्या सहकाऱ्याकडे दोन कामं होती, व्हेंडरचे खाते-उतारे आपल्या लेजरशी जुळवणं आणि जीएसटीचं टूबी मॅचिंग. ती "सध्यापुरती" याच्याकडे आली. "सध्यापुरतं" म्हणजे कधीपर्यंत ते कुणी बोललं नाही. त्याने विचारलं नाही, मॅडमनी सांगितलं नाही.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जीएसटीच्या पोर्टलवर टूबी, म्हणजे व्हेंडरनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी, १४ तारखेला तयार होते. व्हेंडरने त्याचं रिटर्न भरलं असेल तरच त्याचं बिल त्यात दिसतं, आणि बिल दिसलं तरच आपल्याला त्या टॅक्सचं क्रेडिट घेता येतं. २० तारखेला आपलं थ्रीबी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायचं. म्हणजे १४ ते २० या सहा दिवसांत शेकडो बिलं जुळवायची आणि जी दिसत नाहीत त्या व्हेंडरच्या मागे लागायचं. दर महिन्याला.

जानेवारीत १७ तारखेला याच सहा दिवसांच्या मध्यात ठिणगी पडली. तो पावणेसहाच्या कंपनी बसने निघून गेला, कारण ती बस चुकली की तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमधून स्वतःच्या खर्चाने भोसरीपर्यंत यायचं आणि घरी पोचायला नऊ वाजतात. टूबीची शीट अर्धवट होती. मॅडमनी रात्री टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "डेडलाइनच्या आठवड्यात पण काही जणांना फक्त बस दिसते." नाव नव्हतं, पण ग्रुपमध्ये सातच माणसं, कोणाला कळणार नाही? दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मॅडमना मेल केला, एच.आर.ला कॉपीत ठेवून: यापुढे मी फक्त माझ्या मूळ जबाबदारीतलं काम करेन, टूबी आणि लेजर जुळवणी माझ्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नाही.

इथून पुढे दोन रस्ते असतात. एक म्हणजे दोघांना लगेच खोलीत बसवून "चला, मोकळेपणाने बोला" म्हणायचं. माझं स्पष्ट मत आहे की हा रस्ता घेऊ नये, कारण तापलेली दोन माणसं हातात काही कागद नसताना बसली की तीच वाक्यं परत बोलतात, फक्त या वेळी साक्षीदार असतो. दुसरा रस्ता म्हणजे आधी दोघांना वेगवेगळं भेटायचं, मग गृहपाठ द्यायचा, आणि मगच एकत्र बसायचं.

वेगवेगळं भेटताना मी दोघांना तेच तीन प्रश्न विचारले. नक्की काय घडलं, त्यातलं तुमच्या डोळ्यांनी बघितलेलं किती आणि अंदाज किती, आणि पुढच्या महिन्यात काय वेगळं झालं तर हे प्रकरण तुमच्यासाठी संपेल. दुसरा प्रश्न सगळ्यात उपयोगी पडतो. तो म्हणाला, "मॅडमनी रिप्लेसमेंट मागितलंच नाही, त्यांना फुकटात काम होतंय." हे बघितलेलं की अंदाज? अंदाज. मॅडम म्हणाल्या, "तो दिवसभर फोनवर असतो, मन नाहीये त्याचं." फोनवर असतो हे बघितलेलं, मन नाही हा अंदाज. तिसऱ्या प्रश्नावर त्याचं उत्तर होतं, "मला बस मिळाली पाहिजे आणि ग्रुपवर असं कोणी लिहायचं नाही." मॅडमचं उत्तर होतं, "२० तारखेला क्रेडिट सुटता कामा नये." ही दोन उत्तरं शेजारी ठेवून बघा, एकमेकांच्या विरोधात जाणारं यात काहीच नाही. मेलमधलं "मी करणार नाही" आणि ग्रुपवरचं "फक्त बस दिसते" एकमेकांना भिडतात, पण ज्यासाठी ते लिहिलं गेलं ती गरज भिडत नाही.

मग गृहपाठ. त्याला सांगितलं की २१ तारखेपासून सहा कामाचे दिवस, दर अर्ध्या तासाला काय केलं ते एका ओळीत लिहायचं, फोनसुद्धा. मॅडमना सांगितलं की त्याच्याकडची सगळी कामं लिहा आणि प्रत्येकापुढे महिन्याला किती तास लागायला पाहिजेत तो तुमचा अंदाज लिहा, पण त्याचा लॉग बघायच्या आधी. हे "आधी" फार महत्त्वाचं. लॉग बघून अंदाज लिहिला की मॅनेजर नकळत तोच आकडा थोडा कापून लिहितात आणि फरक कुठे आहे ते दिसतच नाही.

लॉगला एक मर्यादा आहे ती लक्षात ठेवायला हवी. २१ नंतरचा आठवडा अकाउंट्समध्ये त्यातल्या त्यात निवांत असतो, त्यामुळे टूबीचा ताण त्यात आलाच नसता. म्हणून ते तास आम्ही मागच्या दोन महिन्यांच्या मेलच्या वेळा आणि शीटच्या सेव्ह हिस्टरीवरून काढले. फक्त हलक्या आठवड्याचा लॉग घेऊन बसलात तर टीम मेंबर खोटा ठरतो, फक्त डेडलाइनच्या आठवड्याचा घेतला तर मॅनेजर राक्षस ठरते.

मीटिंग २९ जानेवारीला, दीड तास, मॅडमच्या केबिनमध्ये नाही तर ट्रेनिंग रूममध्ये. क्रम आधीच सांगून ठेवला होता: पहिली दहा मिनिटं तो बोलणार, मॅडम मध्ये बोलणार नाहीत, मग मॅडम त्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगणार आणि "बरोबर" असं तो म्हणाला की मगच पुढे जायचं. मग उलट. ज्याच्या हातात कमी अधिकार आहेत त्याने आधी बोलायचं, कारण बॉस आधी बोलला की दुसरा माणूस फक्त उत्तरं देत बसतो.

पहिल्या फेरीत मॅडमनी त्याचं म्हणणं सांगितलं ते असं, "त्याला असं वाटतं की त्याच्यावर खूप काम आहे." मी थांबवलं, कारण "त्याला असं वाटतं" म्हटलं की सगळं त्याच्या डोक्यातलं झालं. त्याने वाटण्याचं काही सांगितलंच नव्हतं, दोन माणसांचं काम आहे आणि तीन महिन्यांत त्यातलं काहीही कमी केलं गेलं नाही असं सांगितलं होतं. दुसऱ्यांदा त्यांनी बरोबर सांगितलं आणि मला वाटतं तिथून तो जरा सैल झाला.

मॅडमच्या दहा मिनिटांत एक गोष्ट बाहेर आली जी त्याला माहीतच नव्हती. त्यांनी रिप्लेसमेंट तीनदा मागितलं होतं, तिन्ही वेळा "हायरिंग होल्डवर आहे" असं उत्तर आलं होतं, आणि टीमला सांगितलं तर आपलं वर काही चालत नाही असं दिसेल म्हणून त्या गप्प बसल्या होत्या. स्वतः रोज रात्री आठ-नऊपर्यंत बसत होत्या. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही हे एकदा सांगितलं असतं ना, तर मी तो मेल केलाच नसता." यावर मी काही बोलले नाही, बोलायची गरजही नव्हती.

मग व्हाइटबोर्डवर दोन कॉलम काढले. मॅडमचा अंदाज असा होता: महिन्याला ९०० बिलं, एका बिलाला ५ मिनिटं म्हणजे ७५ तास. टूबी १० तास. लेजर जुळवणी २० व्हेंडर, प्रत्येकी पाऊण तास, १५ तास. दर आठवड्याची पेमेंट रन मिळून १६ तास. रोजचा थकबाकी रिपोर्ट, "बटन दाबलं की निघतो", २ तास. एकूण ११८. महिन्याचे २५ दिवस, रोज ८ तास म्हणजे २००, त्यातले चहा, मीटिंग, रजा असे १५ टक्के काढले तरी १७० उरतात. म्हणजे मॅडमच्या हिशेबाने त्याच्याकडे ५० तास रिकामे होते! त्या त्याला मुद्दाम पिळत नव्हत्या, या आकड्यावर त्यांचा मनापासून विश्वास होता, आणि हा आकडा खरा असता तर बसने निघून जाणाऱ्याचा राग येणं साहजिकच आहे.

त्याच्या कॉलममध्ये २३७ तास आले. फरक कुठून आला ते बघण्यासारखं आहे. बिलं तीच ९००, पण त्यातली ७२० सरळ जुळतात. पीओवरचा म्हणजे खरेदी ऑर्डरवरचा रेट, स्टोअरने जीआरएनमध्ये म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीत घेतलेली क्वांटिटी आणि बिलावरचे आकडे एकच असतात, ५ मिनिटांत काम होतं, ते ६० तास. उरलेली १८० जुळत नाहीत, सिस्टिममध्ये ब्लॉक होऊन पडतात, सॅपमधली MRBR ही स्क्रीन उघडली की त्यांची यादी दिसते. अशा एका बिलाला सरासरी २५ मिनिटं जातात, कारण आधी खरेदी विभागाला फोन, मग स्टोअरला, मग व्हेंडरला, मग परत खरेदीला. ते ७५ तास. टूबी २५ तास. लेजर जुळवणी एका व्हेंडरला दीड तास म्हणजे ३०. पेमेंट रन १६. व्हेंडरचे "पेमेंट कधी" विचारणारे फोन, जे मॅडमच्या यादीत नव्हतेच, रोज पाऊण तास धरून १९. आणि बटन दाबून निघणारा रिपोर्ट रोज अर्धा तास खातो, कारण सिस्टिममधून निघालेल्या फाइलमध्ये डेबिट नोट हाताने वजा कराव्या लागतात. तो साडेबारा.

मॅडम बोर्डाकडे बघत होत्या आणि पहिला प्रश्न त्यांनी जो विचारला तोच योग्य होता: "१८० बिलं का अडतात?" मॅनेजर बिलं मोजतो आणि काम करणारा अडलेली बिलं भोगतो, या दोघांचं भांडण बऱ्याचदा एवढ्यावरच असतं, फक्त ते शिस्त, निष्ठा, टीम स्पिरिट अशा शब्दांत बोललं जातं.

दुसरा प्रश्न मी विचारला, १७० तासात २३७ तासांचं काम होत कसं होतं? उत्तर असं की होत नव्हतं. तीसेक तास तो जास्त बसत होता, त्यातले काही रविवारी घरी लॅपटॉपवर, आणि बाकीचं पडून होतं. नोव्हेंबरपासून एकाही व्हेंडरचं लेजर जुळवलेलं नव्हतं. मॅडमना हे माहीत नव्हतं, आणि त्याने सांगितलं नव्हतं कारण सांगितलं की आपण कमी पडलो असं होईल. लोड जास्त झाला की पहिलं लक्षण कधीच "माणूस तक्रार करतो" हे नसतं. ज्या कामाला कुणाची रोजची ओरड नसते ते काम गुपचूप मागे पडायला लागतं. मॅनेजरने तिकडे बघावं.

१९७९ साली रॉबर्ट कारासेक नावाच्या संशोधकाने मांडलेलं एक मॉडेल आहे, त्याचा गाभा असा की ताण फक्त कामाच्या मागणीने येत नाही, मागणी जास्त आणि ते काम कसं करायचं हे ठरवायची मुभा कमी, या जोडीने येतो. इथे नेमकं तेच होतं. बिल खरेदीच्या चुकीने अडतं, सोडवायचा अधिकार खरेदीला, पण व्हेंडरचा फोन येतो याला आणि शिव्याही खाणार हाच.

आता वाटाघाटीचा भाग. मी बोर्डावर एकच अट लिहिली, ६७ तास कुठून काढायचे ते ठरवायचं आणि "थोडं ॲडजस्ट करू" हे उत्तर चालणार नाही. प्रत्येक कामाला चारच गोष्टी करता येतात: बंद करायचं, कमी वेळा करायचं, दुसऱ्याला द्यायचं, किंवा काम जिथे बिघडतं तिथे दुरुस्त करायचं. आणि यातला निर्णय मॅनेजरने घ्यायचा, टीम मेंबरने नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण "तूच सांग काय नको करूस" असं म्हणणं ऐकायला लोकशाही वाटतं पण त्यात काम सुटल्याची जबाबदारी खालच्या माणसावर जाते.

लॉगमध्ये अडलेल्या बिलांची कारणं लिहिलेली होती, त्यात साधारण दहातली सहा बिलं रेटच्या फरकाची. स्टीलचे भाव हलले की खरेदीवाले व्हेंडरला तोंडी नवा रेट कबूल करतात आणि सिस्टिममध्ये पीओ सुधारायचं राहून जातं. ठरलं असं की रेटचा फरक असलेलं बिल तो होल्डवर टाकेल, संबंधित खरेदीवाल्याला एक ठरावीक मेल जाईल, आणि पाठपुरावा करायचा नाही. तीन दिवसांत पीओ सुधारायचा ही खरेदीची जबाबदारी. महिन्याला अशी ११० बिलं, २५ मिनिटांऐवजी ८ मिनिटं, सुटले ३१ तास. रोजचा रिपोर्ट मॅडमनी पूर्वी पैशांची टंचाई होती तेव्हा सुरू केला होता, आता प्लांट हेड तो फक्त सोमवारी बघतात. म्हणून आठवड्यातून एकदा, सुटले साडेदहा तास. लेजर जुळवणी दर महिन्याला फक्त ८ मोठ्या व्हेंडरची, बाकीच्यांची मार्चनंतर, सुटले १८. इथे धोका खरा आहे, लहान व्हेंडरचं एखादं बिल आपल्याकडे आलंच नाही हे उशिरा कळणार, आणि तो धोका मी घेतला असं मॅडमनी स्वतःच्या नावाने लिहून दिलं. टूबीमध्ये न दिसणाऱ्या व्हेंडरना मेल-फोन करण्याचे ८ तास ट्रेनीकडे गेले. बेरीज साडेसदुसष्ट. व्हेंडरच्या फोनचे तास कमी झाले नाहीत, पण फोन दुपारी चार ते पाच याच वेळेत घ्यायचे ठरलं, म्हणजे मधल्या वेळेत हातातलं काम तुटणार नाही.

बसचा प्रश्न शेवटी आला आणि तोवर तो जवळजवळ सुटलेला होता. १७ ते २० या चार दिवसांत गरज पडली तर तो साडेसातपर्यंत थांबेल, पण आदल्या दिवशी सांगायचं आणि कंपनीच्या खर्चाने कॅब. बाकी दिवस बस. ग्रुपवरच्या मेसेजबद्दल मॅडम स्वतःहून बोलल्या, "मी ते सगळ्यांसमोर लिहिलं, तर चूक होती हेही तिथेच लिहिते," आणि त्याच संध्याकाळी लिहिलं. ही माफी मीटिंगच्या सुरुवातीला मागितली असती तर उपचार वाटला असता, आकडे बघून झाल्यावर आली म्हणून ती खरी वाटली. त्यानेही मेलची भाषा मागे घेतली, मुद्दा मागे घेतला नाही, आणि घेऊही नये.

सगळं एका पानावर लिहिलं, दोघांनी मेलवर "मान्य" म्हटलं. त्यात तीन ओळी मी आग्रहाने घातल्या. नवीन काम आलं की ते कशाच्या जागी ते मॅडमनी त्याच वेळी सांगायचं. हा तासांचा हिशेब त्याच्या अप्रेझलमध्ये त्याच्याविरुद्ध वापरायचा नाही, कारण एकदा तसं झालं की पुढच्या वेळी खरा लॉग कुणीच देणार नाही. आणि ही व्यवस्था ३१ मार्चपर्यंतच, त्यानंतर नव्याने बसायचं.

दोन आठवड्यांनी रिव्ह्यू झाला तेव्हा चित्र चांगलं नव्हतं. खरेदीवाल्यांनी मेल वाचलेच नाहीत, होल्डवरची बिलं साठहून जास्त झाली आणि एका व्हेंडरने माल थांबवायची धमकी दिली. तो म्हणाला, "मॅडम, मी परत फोन करायला लागू का?" हा क्षण सगळ्या केसमधला सगळ्यात नाजूक, कारण मॅडम हो म्हणाल्या असत्या आणि त्याने फोन उचलला असता तर ३१ तास परत त्याच्याच डोक्यावर आले असते. मॅडम नाही म्हणाल्या. कोणत्या खरेदीवाल्याकडे किती बिलं किती दिवस अडली आणि त्यातली किती लहान उद्योगांची आहेत, ज्यांचं पेमेंट ४५ दिवसांपलीकडे गेलं तर कंपनीला इन्कम टॅक्समध्ये तो खर्च त्या वर्षी दाखवता न येण्याची भीती, अशी यादी घेऊन त्या प्लांट हेडकडे गेल्या. खरेदीच्या हेडना आठवड्याच्या मीटिंगमध्ये ती यादी वाचावी लागायला लागली आणि मार्चपर्यंत रेटच्या फरकाने अडणारी बिलं महिन्याला ११० वरून ४० च्या आसपास आली. मॅनेजरकडे वर जाऊन भांडायची ताकद किंवा तयारी नसेल तर अशी मीटिंग घेऊ नका, माणूस आपलं सगळं बोर्डावर मांडतो आणि काहीच हलत नाही हे बघून तो आधीपेक्षा लवकर राजीनामा देतो.

एप्रिलमध्ये परत बसलो. पूर्ण रिप्लेसमेंट मिळालं नाही, एक माणूस कॉन्ट्रॅक्टवर मंजूर झाला. मॅडम म्हणाल्या, चला, आता टूबी त्याच्याकडे, तुझे तास सुटले. त्याने शीट उघडून नवीन माणसाला शिकवायचे २० तास एप्रिलच्या कॉलममध्ये टाकले आणि विचारलं, हे कशाच्या जागी? मॅडमनी थोडा विचार केला आणि लहान व्हेंडरची जी लेजर जुळवणी एप्रिलमध्ये सुरू करायची होती ती मेवर ढकलली, स्वतःच्या नावाने.